तीन औषधं, तरी रोज झटके: आहार आणि शस्त्रक्रिया यांतला एक निर्णय

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली सहा वर्षांची मुलगी, वजन 16 किलो. उजवा हात आणि पाय लहानपणापासून कमजोर. तीन वर्षांची झाल्यापासून मिरगीचे झटके येतात आणि तीन औषधं चालू असूनही दिवसाला दहा-बारा झटके होतात. कोणाही एका कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून सारख्या प्रकरणांचे तपशील एकत्र करून ही मांडणी केली आहे. वैद्यकीय क्रम मात्र प्रत्यक्षात जसा चालतो तसाच ठेवला आहे.

ती पाच महिन्यांची असताना आईच्या लक्षात आलं होतं की उजवी मूठ मिटलेलीच राहते आणि खुळखुळा ती डाव्या हातानेच धरते. घरात सगळ्यांनी तिला डावखुरी ठरवलं. पहिल्या वाढदिवसाआधी बाळ एकच हात वापरू लागलं, तर ते डावखुरं नसतं, त्याचा दुसरा हात कमजोर असतो. ही खूण त्या वेळी कोणी आशाताईंना किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवली असती, तर मेंदूतली इजा तीन-चार वर्षं आधी कळली असती. वीस महिन्यांची झाल्यावर ती पाय ओढत चालू लागली. तिसऱ्या वर्षी उजवा ओठ फडफडणं, लाळ गळणं आणि उजवा हात ताठ होणं असे अर्ध्या-पाऊण मिनिटाचे झटके सुरू झाले. साडेचार वर्षांची असताना दुसराच प्रकार दिसू लागला. मान एकदम खाली जायची आणि ती तोंडावर पडायची. हनुवटीवर आणि कपाळावर टाक्यांच्या खुणा आहेत.

या सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळीच होती. चार वर्षांची असताना ती तीन-चार शब्दांची वाक्यं बोलायची, सहाव्या वर्षी एकेका शब्दावर आली. झटक्यांची संख्या सगळे मोजतात, पण बोलणं मागे सरकतंय याकडे बऱ्याचदा कोणाचं लक्ष जात नाही. मूल आधी आलेलं कौशल्य गमावू लागलं की थांबून पाहण्याची वेळ संपलेली असते.

औषधं खरंच हरली होती का?

आंतरराष्ट्रीय मिरगी संघटनेने 2010 साली ठरवलेली व्याख्या सोपी आहे. त्या प्रकारच्या मिरगीला योग्य असलेली दोन औषधं, एकेक किंवा एकत्र, पुरेशा मात्रेत आणि नीट घेऊनही झटके पूर्ण थांबले नाहीत, तर ती औषधांना न जुमानणारी मिरगी. दोनच औषधं पुरेशी का मानली, याचं उत्तर ग्लासगोच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळतं. नव्याने उपचार सुरू झालेल्या 470 रुग्णांपैकी 47 टक्क्यांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी फक्त 14 टक्के सुटले. म्हणजे दोन औषधं फसल्यावर तिसरं-चौथं बदलत बसण्यात वर्षं जातात आणि हाती थोडंच लागतं.

पण व्याख्येतले ‘पुरेशा मात्रेत आणि नीट’ हे शब्द आधी तपासायला हवेत. या मुलीला लेव्हेटिरासिटाम सिरप सकाळ-संध्याकाळ दीड-दीड मिली चालू होतं. ते मिलीला 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दिवसाला 300 मिलिग्रॅम, किलोमागे जेमतेम 19. मात्रा ठरवली तेव्हा तिचं वजन 11 किलो होतं. वजन वाढलं, मात्रा तीच राहिली. किलोमागे 40 धरले तर आता तिला दिवसाला 640 मिलिग्रॅम, म्हणजे दोन्ही वेळा 3.2 मिली हवं होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच वावरात जायची आणि आजी बाटलीच्या झाकणाने अंदाजे औषध द्यायची. झाकणाऐवजी सुई नसलेली 5 मिलीची सिरिंज दिली आणि हव्या त्या रेघेवर रंगीत चिकटपट्टी लावली. मोजमापाचा प्रश्न तिथेच मिटला.

मधल्या काळात कार्बामाझेपीन सुरू केल्यावर मान टाकून पडणं वाढलं होतं. हे औषध एका जागेतून उठणाऱ्या झटक्यांवर चांगलं चालतं, पण काही मुलांत पडण्याचे झटके वाढवतं. ते बंद केलं. व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम आणि क्लोबाझाम वजनाप्रमाणे पूर्ण मात्रेत दोन महिने दिली. झटके बारावरून आठ-दहावर आले, तिथेच अडकले. आता औषधं हरली असं म्हणायला आधार होता.

झटका नेमका कुठून उठतो

कुटुंबाला घरी करायला दोनच कामं दिली. एक, वहीत रोज झटक्याचा प्रकार, वेळ आणि किती सेकंद चालला याची नोंद. दुसरं, मोबाइलवर चित्रण. चित्रणात चेहरा आणि दोन्ही हात दिसायला हवेत, अंगावरचं पांघरूण काढावं, मुलीला घट्ट धरून ठेवू नये आणि तिचं नाव घेऊन हाक मारावी, म्हणजे शुद्ध किती आहे ते कळतं. कोणत्या बाजूचा ओठ आधी हलला, हे दहा सेकंदांच्या चित्रणातून समजतं. तेच तोंडी विचारलं तर चार माणसं चार उत्तरं देतात.

नागपूरला 3 टेस्लाच्या यंत्रावर, मिरगीसाठी ठरवलेल्या पद्धतीने एमआरआय झाला. डाव्या मेंदूत मधल्या मोठ्या धमनीच्या टापूत पोकळी आणि भोवती व्रण होता, उजवा मेंदू स्वच्छ होता. म्हणजे जन्माच्या सुमारास त्या धमनीत गुठळी अडकून तेवढा भाग सुकला होता. व्हिडिओ ईईजीत मुलीला भरती करून कॅमेरा आणि डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींची रात्रंदिवस नोंद घेतात. पकडलेले सगळे झटके डावीकडून उठत होते. झोपेत मात्र खराब लहरी उजवीकडेही दिसल्या.

तो अहवाल वाचून एका ठिकाणी कुटुंबाला सांगितलं गेलं, ‘दोन्ही बाजूंना आहे, ऑपरेशन होत नाही.’ इथेच अनेक मुलांची वाट बंद होते. लहान वयात मेंदूच्या एका अर्ध्या भागाला, म्हणजे गोलार्धाला इजा झालेली असली तर तिथल्या लहरी चांगल्या बाजूवर उमटतात. इजा एकाच बाजूला असेल, हातापायाची कमजोरी त्याच्या विरुद्ध बाजूला असेल आणि झटकेही तिथूनच सुरू होत असतील, तर ईईजीत दुसऱ्या बाजूला लहरी दिसल्या एवढ्यावरून शस्त्रक्रिया नाकारत नाहीत. अशा वेळी एमआरआय आणि मुलीच्या हातापायाची कमजोरी जास्त बोलतात.

डावा गोलार्ध बाकीच्या मेंदूपासून सुटा करण्याची शस्त्रक्रिया ठरत होती, पण तिच्या केंद्रात नंबर लागायला काही महिने होते. तोपर्यंत रोज आठ-दहा झटके आणि बोलणं ओसरत जाणं चालू ठेवता येत नव्हतं. म्हणून मधल्या काळासाठी कीटोजेनिक आहार ठरला. आहार आणि शस्त्रक्रिया यांना एकमेकांचे पर्याय समजून आधी आहार वर्षभर करून बघू, मग बाकीचं बघू, असा विचार केला असता तर ते वर्ष वाया गेलं असतं. तपासण्या आणि आहार दोन्ही एकाच वेळी सुरू झाले.

आहार: गणित आणि स्वयंपाकघर

या आहारात शरीराची ऊर्जा मुख्यतः स्निग्ध पदार्थांतून येते. पिठूळ आणि गोड जवळजवळ बंद झाल्यामुळे यकृत चरबीपासून कीटोन तयार करतं आणि मेंदू ते वापरू लागतो. या अवस्थेत बऱ्याच मुलांचे झटके कमी होतात. ‘कीटोजेनिक’ हे नाव 1921 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पडलं, म्हणजे वजन कमी करण्यासाठी आजकाल चालतो त्या प्रकाराच्या कितीतरी आधीचा हा उपचार आहे. दिल्लीच्या एम्समध्ये सुधारित ॲटकिन्स आहार या सोप्या प्रकाराची चाचणी झाली आणि ती 2013 साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांत आहारावरच्या 52 टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, आहाराशिवाय फक्त 11.5 टक्क्यांचे. पण झटके पूर्ण थांबलेल्या मुलांचं प्रमाण त्याहून बरंच कमी असतं. हा फरक पुढच्या निर्णयात महत्त्वाचा ठरला.

या मुलीसाठी 3:1 प्रमाण निवडलं. म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून 1 ग्रॅम, तर स्निग्ध 3 ग्रॅम. 3 ग्रॅम स्निग्धाच्या 27 आणि उरलेल्या 1 ग्रॅमच्या 4, अशा एका भागाच्या 31 कॅलरी होतात. तिला दिवसाला सुमारे 1100 कॅलरी हव्यात. 1100 ला 31 ने भागलं की 35 भाग येतात. म्हणजे दिवसभरात स्निग्ध सुमारे 106 ग्रॅम आणि प्रथिनं-कर्बोदकं मिळून फक्त 35 ग्रॅम. 40 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत 27 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. एका भाकरीने दिवसाचा जवळजवळ सगळा हिशोब संपतो. त्यामुळे भाकरी, भात, वरण-पोळी, गूळ, बटाटा, केळ हे सगळं ताटातून जातं. विदर्भातल्या घराला हे सगळ्यात जड पडतं आणि ते आधीच स्पष्ट सांगावं लागतं.

एका वेळचं जेवण असं बसवलं. कवच काढून 50 ग्रॅमचं एक अंडं, 75 ग्रॅम भाजलेलं वांगं, 5 ग्रॅम सुकं खोबरं आणि तेल-तूप मिळून 27 ग्रॅम. अंड्यातून आणि खोबऱ्यातून आलेलं धरून स्निग्ध 35 ग्रॅम होतं, प्रथिनं साधारण 8 आणि कर्बोदकं 4. प्रमाण 3:1 जुळतं, कॅलरी 360 च्या जवळ. वांगं भाजून, सोलून मग वजन करायचं, कारण भाजताना पाणी उडतं आणि आधीच्या वजनावर हिशोब चुकतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा बॅटरीवरचा काटा काही शे रुपयांत मिळतो आणि त्याच्याशिवाय हा प्रकार जमत नाही. दिवसाला अशी तीन जेवणं धरली तर महिन्याला सुमारे अडीच किलो तेल-तूप आणि नव्वद अंडी लागतात. ज्या घरात अंडं चालत नाही तिथे पनीर, तीळ आणि शेंगदाणे घेऊन गणित पुन्हा मांडतात, पण शेंगदाण्यात कर्बोदकंही असतात, म्हणून ते मुठीने नव्हे तर मोजूनच द्यायचे.

पहिल्या आठवड्यातला घोळ वाटीत होता. आई मोजून तेल घालायची, मुलगी भरीत खायची आणि वाटीच्या तळाला सात-आठ ग्रॅम तेल उरायचं. ताटात उरलेलं तेल म्हणजे त्या वेळचं प्रमाण 3:1 वरून थेट खाली. अंड्याची भुर्जी भरतात कालवून तेल तिच्यात मुरवल्यावर आणि शेवटचा घास वाटी पुसून भरवायला सुरुवात केल्यावर लघवीतले कीटोन वर आले.

आहार घरी एकदम सुरू करत नाहीत. चार दिवस भरती करून 1:1, मग 2:1, मग 3:1 असं चढवतात आणि रक्तातली साखर व लघवीतले कीटोन पाहतात. त्याआधी यकृत, मूत्रपिंड, रक्तातली चरबी आणि कॅल्शियम तपासतात. ज्यांच्या शरीरात चरबी जाळण्याची जन्मजात प्रक्रियाच बिघडलेली असते, त्या मुलांना हा आहार जिवावर बेतू शकतो. म्हणून मिरगीचं कारण माहीत नसेल तर त्याची खास रक्ततपासणी आधी करायलाच हवी. इथे कारण एमआरआयमध्ये दिसत होतं, तरी केंद्राने ती तपासणी करून घेतली. भरतीत मूल सुस्त झालं, उलट्या होऊ लागल्या किंवा श्वास जोरात चालू लागला, तर कीटोन फार चढलेत किंवा साखर उतरली आहे असं समजून तपासतात आणि 30 मिली संत्र्याचा रस देतात. एवढाच रस, ग्लासभर नाही. पंधरा-वीस मिनिटांत सुधारणा नाही दिसली तर डॉक्टर पुढचा उपचार करतात. घरी असं झालं तर रस देऊन वाट बघत बसायचं नाही, दवाखान्यात न्यायचं.

साखर कुठून शिरते, हे घरच्यांना सहज दिसत नाही. व्हॅल्प्रोएटचं सिरप गोड असतं, म्हणून तिला साध्या गोळ्या दिल्या. हळूहळू विरघळणारी क्रोनो गोळी ठेचायची नसते, तिचा परिणाम बिघडतो. तापाचं सिरप, खोकल्याचं सिरप, जंताचं गोड औषध सगळ्यांत साखर असते. जुलाब झाले तर ओआरएसमध्येही ग्लुकोज असतं, पण मूल सुकत चाललं असेल तर ओआरएस द्यायचंच, कीटोन नंतर वर आणता येतात. आहाराच्या फाइलला लावायच्या पत्रात तालुक्याच्या डॉक्टरांसाठी लिहिलं होतं की रक्तातली साखर खाली नसेल तर ग्लुकोजचं सलाईन लावू नये, साधं लावावं. हे पत्र नसेल तर रात्रीच्या पाळीत पहिली बाटली हमखास ग्लुकोजचीच लागते.

शाळेतल्या खिचडीबद्दल बाईंना सांगून ठेवलं होतं, सणाबद्दल कोणाला सुचलं नाही. तान्ह्या पोळ्याला ती लाकडी बैल घेऊन गल्लीतल्या घरांत गेली आणि प्रत्येक ओट्यावर हातावर खाऊ पडला. संध्याकाळी लघवीतले कीटोन दाखवणारी पट्टी, जी रोज गडद जांभळट व्हायची, ती फिकट गुलाबी झाली. दुसऱ्या सकाळी ती चार वेळा पडली. तिला उपाशी ठेवलं नाही, शिक्षाही केली नाही. पुढच्या जेवणापासून आहार जसाच्या तसा चालू केला आणि दोन दिवसांत पट्टी पुन्हा गडद झाली. गल्लीतल्या बायांना सांगून ठेवलं की तिला खाऊ नको, बोजारा म्हणून एखादं नाणं द्या.

याबरोबर जीवनसत्त्वं आणि कॅल्शियमच्या साखर नसलेल्या गोळ्या चालू होत्या, कारण या ताटातून ते पुरेसं मिळत नाही. पाणी दिवसाला 1.3 लिटरच्या आसपास, कारण मूतखडे आणि बद्धकोष्ठ हे या आहाराचे नेहमीचे त्रास आहेत. लघवी लाल झाली किंवा लघवी करताना ती रडली तर सोनोग्राफी. टोपिरामेट चालू असलेल्या मुलांत खड्याचा आणि रक्तातल्या आम्लतेचा धोका आणखी वाढतो, त्यामुळे तिला ते औषध मुद्दाम दिलं नाही.

तीन महिन्यांनंतरचा प्रश्न

आहाराचा उपयोग होतोय की नाही हे ठरवायला तीन महिने देतात. तीन महिन्यांनी वहीत दिवसाला तीन झटके होते. पडण्याचे झटके जवळजवळ थांबले होते आणि दोन शब्द जोडून ती पुन्हा बोलू लागली होती. सांख्यिकीच्या भाषेत हे यश आहे. आणि नेमकं इथेच घरात शस्त्रक्रियेबद्दल कच खाणं सुरू झालं. वडिलांचं म्हणणं, आता बरं आहे, मग डोकं कशाला उघडायचं? आजीचा प्रश्न सरळ होता, ‘डाक्टर, अर्धा मेंदू तोडता म्हनता, मंग पोरगी मले ओयखीन का?’

या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही. ओळखेल, आणि त्याचं कारण असं. डाव्या मेंदूतल्या बोलण्याच्या जागा जन्माच्याच वेळी सुकल्या होत्या. तरी ती चार वर्षांची असताना वाक्यं बोलत होती, म्हणजे बोलणं उजव्या मेंदूनेच शिकलं होतं. डावा भाग बोलण्याचं काही काम करत नव्हता, उलट दिवसरात्र खराब लहरी पाठवून चांगल्या उजव्या बाजूला शिकू देत नव्हता. बोलणं मागे गेलं ते त्यामुळे.

हाताचं काय, हेही आधीच तपासता येतं. तिला उजव्या हाताची बोटं एकेक वेगळी हलवता येत नव्हती आणि चिमटीत शेंगदाणा धरता येत नव्हता. बोटांचं हे बारीक काम शस्त्रक्रियेत जातं, पण तिच्याकडे ते मुळातच नव्हतं. चालणं काही आठवडे बिघडतं आणि बहुतेक मुलांत परत येतं. एक गोष्ट मात्र नव्याने जाणार होती आणि ती लपवून ठेवणं अन्यायाचं झालं असतं. दोन्ही डोळ्यांच्या नजरेतली उजवी अर्धी बाजू कायमची जाते. डोळे ठीक असतात, पण उजवीकडून येणारी मोटारसायकल, बैलगाडी, विहिरीचा उघडा काठ मान वळवल्याशिवाय दिसत नाही. मोठेपणी तिला गाडी चालवता येणार नाही.

दुसऱ्या बाजूला काय मिळणार, तेही आकड्यात सांगितलं. एम्समध्ये 18 वर्षांपर्यंतच्या 116 मुलांवर झालेली चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली. त्यात एका वर्षाने शस्त्रक्रिया झालेल्या 77 टक्के मुलांना झटका नव्हता, फक्त औषधांवर राहिलेल्यांत 7 टक्क्यांना. ती चाचणी मेंदूच्या वेगवेगळ्या शस्त्रक्रियांची मिळून आहे, पण जन्मवेळच्या धमनीच्या इजेत गोलार्ध सुटा केल्यावरचे परिणाम तसेच चांगले असतात. आहाराने तीन झटक्यांवर आणलं. तीनवरून शून्यावर येण्याची मोठी शक्यता फक्त एकाच मार्गात होती, आणि उजव्या मेंदूची शिकण्याची ताकद वयाबरोबर कमी होत जाते. कुटुंबाने होकार दिला तो हे सगळं दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, आजीसकट बसून ऐकल्यावर.

एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना इजा दिसली असती, किंवा जनुकीय कारण निघालं असतं, तर हिशोब उलटा झाला असता. मेंदूला साखर पोहोचवणाऱ्या वाहकाच्या जन्मजात दोषात, म्हणजे ग्लूट-1 च्या कमतरतेत, कीटोजेनिक आहार हाच पहिला उपचार आहे आणि शस्त्रक्रियेचा प्रश्नच येत नाही. तिथे आहार वर्षानुवर्षं चालतो. इतर मुलांत उपयोग झाला तर साधारण दोन वर्षांनी तो हळूहळू उतरवतात.

शस्त्रक्रिया

या शस्त्रक्रियेला हेमिस्फेरोटॉमी म्हणतात. अर्धा मेंदू काढून टाकत नाहीत. कवटीत खिडकी करून, डाव्या गोलार्धाचे बाकीच्या मेंदूशी असलेले दोरे कापतात: दोन गोलार्धांना जोडणारा पूल, खाली जाणारे स्नायूंचे तंतू, पुढच्या आणि कानशिलाच्या भागाची जोडणी. गोलार्ध जागेवरच राहतो, त्याचा रक्तपुरवठा चालू असतो, पण त्याची लहर बाहेर पडू शकत नाही. भारतात हे काम मोजक्या ठिकाणी होतं. दिल्लीचं एम्स आणि तिरुअनंतपुरमची श्री चित्रा तिरुनल संस्था ही त्यातली जुनी नावं. खर्चाच्या योजनेसाठी शस्त्रक्रियेचं नेमकं नाव केंद्राच्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला दाखवावं. ‘मेंदूचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलं तर मंजुरीच्या वेळी घोळ होतो.

विदर्भातल्या मुलासाठी एक तपासणी विसरू नये, ती सिकलसेलची. आपल्याकडे हा आजार सर्रास आहे आणि भूल, थंडी, पाणी कमी पडणं यांत रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून अडकू शकतात. तपासणीत मुलगी वाहक निघाली, रुग्ण नाही. जन्मवेळची गुठळी त्यामुळे झाली का, असं वडिलांनी विचारलं. नाही, कारण जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि ते या वाकण्यापासून वाचवतं.

दुसरी काळजी रक्तस्रावाची. 16 किलोच्या मुलात एकूण रक्त सव्वा लिटरच्या आतच असतं. मोठ्या माणसाला किरकोळ वाटणारं 300 मिली रक्त गेलं तर तिचं चतुर्थांश गेलं. व्हॅल्प्रोएटमुळे काहींमध्ये रक्त गोठण्यात अडचण येते, म्हणून गोठण्याच्या तपासण्या करून शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी ते उतरवलं आणि बाकीची दोन औषधं वाढवली. भूलतज्ज्ञांना आहाराची माहिती लेखी दिली होती. ग्लुकोज नसलेलं सलाईन चालवलं आणि शस्त्रक्रियेदरम्यान साखर व रक्तातली आम्लता पुन्हा पुन्हा तपासली.

पहिल्या आठवड्यात दोन छोटे झटके आले आणि घरचे खचले. मेंदूला सूज असताना येणारे असे झटके म्हणजे शस्त्रक्रिया फसली असं नसतं. काही दिवस ताप आणि मान अवघडणंही होतं, शस्त्रक्रियेत सांडलेल्या रक्तामुळे. पण तो संसर्ग नाही याची खात्री पाठीतल्या पाण्याची तपासणी करूनच करतात. झटके महिन्यांनी परत सुरू झाले आणि तेही जुन्याच प्रकारचे, तर एखादा दोर अर्धवट कापला गेला असावा असं धरून एमआरआय पुन्हा करतात. राहिलेला पूल दिसला तर दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो कापता येतो.

उजवा पाय तीन आठवडे लुळा होता. रोजचा व्यायाम आणि पायाला पट्टा यांवर ती सहा आठवड्यांनी भिंतीला धरून चालू लागली, तीन महिन्यांनी पूर्वीसारखी पाय ओढत. आहार शस्त्रक्रियेनंतर तीन महिने तसाच ठेवला, मग दर काही आठवड्यांनी प्रमाण उतरवत नेला. पहिली भाकरी पाव तुकड्याची होती. क्लोबाझाम त्यानंतर, सगळ्यात शेवटी लेव्हेटिरासिटामचा विचार. आहार आणि औषध एकाच वेळी कमी करत नाहीत, नाहीतर झटका आला तर कशामुळे आला हे सांगता येत नाही.

वर्षाने झटका नाही, बोलण्यात चार-पाच शब्दांची वाक्यं आहेत. शाळेत तिला वर्गाच्या उजव्या टोकाला बसवलं आहे, म्हणजे फळा आणि मुलं तिच्या दिसणाऱ्या डाव्या बाजूला येतात. ताट वाढताना भाजी डावीकडे वाढायची आणि अधूनमधून ताट फिरवायचं, कारण उजवीकडचं अन्न तिला दिसत नाही आणि ती ते टाकून उठते.

एक धोका अजून उघडा आहे. या शस्त्रक्रियेनंतर मेंदूतलं पाणी साचण्याचा त्रास काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही होतो. सकाळी उठल्यावर डोकेदुखी, जेवणाशी संबंध नसलेली उलटी, दिवसा पेंगणं किंवा चालणं पुन्हा बिघडणं, यातलं काही दोन दिवस टिकलं तर पोट बिघडलं म्हणून गोळ्या देत बसायचं नाही. त्याच दिवशी यवतमाळला किंवा नागपूरला सीटी स्कॅन करायचा. पाणी साचलेलं निघालं तर नळी घालून ते पोटात उतरवतात. हे चार ओळींत लिहून तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावलं आहे आणि एक प्रत आशाताईंकडे दिली आहे.